वाइंडिंगचं इन्सुलेशन, त्याचा क्लास आणि दहा अंशांचा नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारीच्या नेमप्लेटवर `INS CL F` लिहिलेलं असतं. त्याचा नेमका अर्थ काय?

`INS CL F` म्हणजे इन्सुलेशन क्लास एफ. वाइंडिंगमधली, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेढ्यांमधली सगळ्यात गरम जागा किती तापमानापर्यंत जाऊ द्यायची, हे ते अक्षर सांगतं. ए म्हणजे १०५ अंश सेल्सिअस, ई म्हणजे १२०, बी म्हणजे १३०, एफ म्हणजे १५५ आणि एच म्हणजे १८०. त्याच्यावर एन २०० आणि आर २२०. अक्षरं एका ओळीत येत नाहीत, मधलं अंतरही सारखं नाही. पूर्वी ही अक्षरं साहित्यावरून ठरत: सुती धागा आणि कागद वार्निशमध्ये भिजवला की ए, अभ्रक आणि काचेचे धागे सेंद्रिय गोंदाने बांधले की बी. आता साहित्य काय आहे याला महत्त्व नाही, चाचणीत ते किती टिकलं याला आहे. आयईसी ६००८५ या मानकात ही वर्गवारी दिलेली आहे.

१५५ हा आकडा मोटारीच्या बॉडीचा नाही आणि वाइंडिंगच्या सरासरीचाही नाही. तो आतल्या सर्वात तापलेल्या जागेचा आहे. त्याची फोड अशी: भोवतालची हवा ४० अंश धरायची, तिच्यावर वाइंडिंगच्या सरासरी तापमानाची वाढ १०५ अंशांपर्यंत चालते, आणि सरासरीपेक्षा जास्त तापलेल्या जागेसाठी १० अंश राखून ठेवायचे. ४० + १०५ + १० = १५५. बी क्लासला हेच गणित ४० + ८० + १० असं होतं, एचला ४० + १२५ + १५.

म्हणजे १५५ पर्यंत मोटार सुरक्षित, आणि १५६ ला जळणार?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. १५५ अंशांवर काहीही वितळत नाही, पेट घेत नाही, अचानक काही घडत नाही. एफ क्लासचं इन्सुलेशन १७० अंशांवरही चालतं, फक्त कमी दिवस चालतं. आणि १२० अंशांवर ठेवलं तरी ते म्हातारं होतच असतं, फक्त हळू.

क्लासचा आकडा ही मर्यादा नसून तापमान आणि आयुष्य यांची जोडी आहे. या जोडीतलं आयुष्य नेमप्लेटवर लिहीत नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही. साहित्याच्या चाचण्यांमध्ये ते साधारण २०,००० तास धरलेलं असतं. दिवसरात्र सलग चालवलं तर ही सव्वादोन वर्षं होतात. मोटार पूर्ण मर्यादेवर, एक मिनिटही न थांबता चालवली तर इतकंच आयुष्य मिळेल, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण बहुतेक मोटारी त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली चालतात, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात.

२०,००० तास कुणी थांबून मोजले का?

सगळे नाही. साहित्याचे नमुने मर्यादेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाच्या भट्टीत ठेवतात, किमान तीन वेगवेगळ्या तापमानांना. ठरावीक वेळाने बाहेर काढून तपासतात. एनॅमल तारेच्या बाबतीत दोन तारांना पीळ देऊन केलेले जोड ठेवतात आणि दर फेरीला त्यांवर ठरावीक व्होल्टेज लावून कुठला जोड फुटला ते पाहतात. पूर्ण इन्सुलेशन पद्धत तपासायची असेल तर मोटारीत तार बसते त्या खाचेची, म्हणजे स्लॉटची छोटी प्रतिकृती करून तिला आळीपाळीने तापवतात, हादरे देतात, दमट हवेत ठेवतात आणि मग व्होल्टेज देतात.

असे तीन-चार बिंदू मिळाले की आलेखावर एका अक्षावर आयुष्याचा लॉगॅरिदम आणि दुसऱ्यावर केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक घेतात. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा २०,००० तासांपर्यंत लांबवायची आणि तिथलं तापमान वाचायचं. १५५ किंवा त्याच्या थोडं वर आलं तर साहित्य एफ. सगळा डोलारा या रेषेच्या सरळपणावर उभा आहे, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, हा दहा अंशांचा नियमही याच रेषेच्या उतारातून निघतो.

दर दहा अंशांना आयुष्य निम्मं का होतं?

कारण इन्सुलेशन झिजून मरत नाही, रासायनिक क्रियेने मरतं. एनॅमल, वार्निश, स्लॉटमधला कागद किंवा फिल्म हे सगळे लांब साखळ्यांचे रेणू आहेत. हवेतला ऑक्सिजन आणि थोडीशी आर्द्रता या साखळ्या जागोजागी तोडत राहतात, काही ठिकाणी शेजारच्या साखळ्यांना नको तितकं घट्ट जोडतात. दोन्हींचा परिणाम एकच: पदार्थ लवचिक राहत नाही, आक्रसतो, ठिसूळ होतो.

साखळीतला बंध तुटण्यासाठी त्या जागेला एका क्षणापुरती ठरावीक ऊर्जा मिळावी लागते. ठरावीक तापमानाला बहुतेक रेणूंकडे ती नसते, फार थोड्यांकडे असते. तापमान जरा वाढलं तर सरासरी ऊर्जा किंचितच वाढते, पण उंबरठा ओलांडणाऱ्या त्या मोजक्या रेणूंची संख्या भराभर वाढते. १८८९ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी रासायनिक क्रियांच्या वेगासाठी हे नातं मांडलं. १९४८ मध्ये टी. डब्ल्यू. डेकिन यांनी ते इन्सुलेशनच्या म्हातारपणाला लावून दाखवलं. आयुष्याच्या भाषेत ते असं लिहितात:

```
L = A · exp(E / kT)
```

`L` म्हणजे आयुष्य, `E` म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, `k` हा बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि `T` केल्विनमधलं तापमान. `A` प्रत्येक साहित्याचा वेगळा.

पण मग दहाच का? नऊ किंवा पंधरा का नाही?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि याचं उत्तर आकडे घालून पाहण्यासारखं आहे. अनेक सेंद्रिय इन्सुलेशन साहित्यांसाठी `E` साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. नेमकं १ घेऊ. १३० अंशांवरून १४० वर गेलो, म्हणजे ४०३ केल्विनवरून ४१३ वर. सूत्रात टाकलं की क्रियेचा वेग २.०१ पट होतो. म्हणजे बरोब्बर दुप्पट, आणि आयुष्य निम्मं.

तीच ऊर्जा ठेवून ६० वरून ७० वर गेलो तर वेग जवळजवळ पावणेतीन पट होतो. आणि २०० वरून २१० वर गेलो तर फक्त १.६६ पट. म्हणजे दहा अंश हा निसर्गाचा नियम नाही. १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची ऊर्जा आणि मोटारीच्या वाइंडिंगची नेहमीची तापमानं यांचा योग जुळल्यामुळे तो आकडा इतका सुटसुटीत आला. १९३० मध्ये व्ही. एम. माँटसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर काम केलं, तेव्हा त्यांना आयुष्य निम्मं होण्याचं अंतर ८ अंश सापडलं होतं. आजही साहित्याच्या माहितीपत्रकात हे अंतर कुठे आठ, कुठे बारा असं दिसतं. वर्कशॉपमधल्या तोंडी हिशोबाला दहा पुरेसं आहे, पण शंभर अंशांचा फरक घेऊन दोनचा दहावा घात काढणाऱ्याचं उत्तर निरर्थक असतं.

इन्सुलेशन ठिसूळ झालं म्हणून मोटार कशी जळते? ठिसूळ पदार्थही विद्युतरोधकच असतो ना?

असतो, आणि म्हणूनच म्हातारी मोटार बरेच दिवस बिनबोभाट चालते. उष्णता फक्त तयारी करते, शेवटचा धक्का दुसऱ्याच कशाचा तरी असतो. सुरू होताना करंट सहापट असेल तर तारांमधला चुंबकी जोर छत्तीसपट होतो आणि स्लॉटबाहेर राहणाऱ्या एंड वाइंडिंगचे वेढे एकमेकांवर घासतात. वार्निशची पकड चांगली असते तोवर ते हलत नाहीत. पकड सुटली की एनॅमलला तडा जातो, दोन शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात.

एक वेढा शॉर्ट झाला की तो ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट केलेल्या सेकंडरीसारखा वागतो. त्यात फिरणारा करंट इतका मोठा असतो की तेवढी जागा काही क्षणांत काळी पडते, बाजूचे वेढे जातात आणि मग बॉडीला फॉल्ट होतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की "मोटार आज जळाली". खरं तर ती बऱ्याच महिन्यांपासून मरत होती.

वाइंडिंगचं खरं तापमान कसं काढायचं? बॉडीला हात लावून अंदाज येतो का?

हाताने काहीच कळत नाही. ६०-६५ अंशांवर बहुतेकांचा हात टिकत नाही, आणि तेवढी बॉडी अगदी निरोगी मोटारीचीही असते. आत सेन्सर बसवलेले नसतील तर सर्वात खात्रीचा मार्ग तांब्याचा रेझिस्टन्स मोजणं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरावीक हिशोबाने वाढतो:

```
T2 = (R2 / R1) × (235 + T1) − 235
```

ॲल्युमिनियमची तार असेल तर २३५ च्या जागी २२५.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मोटार रात्रभर बंद होती, वाइंडिंग आणि हवा दोन्ही ३० अंशांवर आहेत. दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स १.२० ओहम मिळाला. मग मोटार पूर्ण लोडवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवली, बंद केली आणि लगेच मोजलं: १.५६ ओहम. गुणोत्तर १.३. त्याला २६५ ने गुणलं की ३४४.५, त्यातून २३५ वजा केले की १०९.५ अंश. चाचणीच्या वेळी हवा ३४ अंश होती, म्हणजे वाढ ७५.५ अंश. एफ क्लासला १०५ पर्यंत वाढ चालते, बीला ८०. म्हणजे या मोटारीचं इन्सुलेशन एफचं आहे आणि ती तापते बीच्या हद्दीत. चांगल्या मोटारींच्या माहितीपत्रकात "एफ इन्सुलेशन, बी राइज" असं लिहितात ते हेच.

मोजण्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही, कारण वायरचा आणि टोकांचा रेझिस्टन्स त्यातच मिसळतो. चार वायरींचा मायक्रोओहममीटर किंवा केल्विन ब्रिज लागतो. आणि उशीर करायचा नाही. ५० किलोवॉटपर्यंतच्या मोटारीला मानकात ३० सेकंदांची मुदत आहे. ती हुकली तर ठरावीक अंतराने अनेक रीडिंग घेऊन आलेख मागे ओढत मोटार बंद केली त्या क्षणापर्यंत न्यावा लागतो. वरच्या उदाहरणात रेझिस्टन्स मोजण्यात एक टक्का चूक झाली तर तापमानात साडेतीन अंशांची होते, आणि आयुष्याच्या अंदाजात पंचवीस टक्क्यांच्या आसपास.

मग या मोटारीचं आयुष्य किती धरायचं?

सरासरी १०९.५, त्यात गरम जागेचे १० मिळवले की साधारण १२० अंश. १५५ पेक्षा ३५ ने कमी. दहा अंशांना दुप्पट या हिशोबाने अकरा-बारा पट आयुष्य, म्हणजे कागदावर सव्वादोन लाख तासांच्या पुढे, सलग चालवूनही पंचवीस वर्षांवर.

आता याच मोटारीच्या फॅन कव्हरच्या जाळीवर धूळ आणि तंतू चिकटून हवा अडली असं समजू. लोड तेवढाच आहे. पुन्हा मोजलं तर १.७४ ओहम. गुणोत्तर १.४५, म्हणजे सरासरी १४९ अंश, वाढ ११५. एफची १०५ ची हद्द ओलांडली. सर्वात गरम जागा १५९ च्या आसपास. पहिल्यापेक्षा ४० अंश जास्त, म्हणजे म्हातारपणाचा वेग सोळा पट. कागदावरचं आयुष्य पंधरा हजार तासांवर आलं, सलग चालवली तर वीस-एकवीस महिने.

इथे एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. करंट बदलला नाही, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त अँपिअर पाहतो. वरून, तापल्यामुळे तांब्याचा रेझिस्टन्स साडेअकरा टक्क्यांनी वाढलाय, म्हणजे त्याच करंटला तांब्यातली उष्णताही तेवढीच जास्त. गरम वाइंडिंग स्वतःला आणखी गरम करतं. वाइंडिंगमध्ये पुरलेला पीटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर असेल तरच मोटार वेळेवर ट्रिप होते. माझ्या मते मोठ्या किंवा धुळीत चालणाऱ्या मोटारीला त्याच्याशिवाय सोडणं म्हणजे आंधळा कारभार.

आणि पहिल्या आकड्यावर फार विसंबू नका. पंचवीस वर्षांचा अंदाज फक्त उष्णतेपुरता आहे. तापमान कमी असेल तेव्हा ओल, तेल, कंपन, व्होल्टेजचा अचानक झटका म्हणजे सर्ज, किंवा बिघडलेलं बेअरिंग आधी घात करतं. नियमाचा खरा उपयोग तुलनेला आहे: मोटार किती वर्षं जगेल हे तो नीट सांगत नाही, पण जाळी साफ केली तर ती सोळा पट हळू म्हातारी होईल हे सांगतो.

ओव्हरलोड दिवसातून थोडाच वेळ असेल तर?

आयुष्य खर्चाच्या हिशोबाने चालतं. मर्यादेपेक्षा ३० अंश जास्त तापमानावर गेलेला एक तास मर्यादेवरच्या आठ तासांएवढा. तोच तास मर्यादेच्या ३० अंश खाली गेला असता तर खर्च साडेसात मिनिटांएवढा झाला असता. म्हणून दिवसातला एखादा तास गरम गेला आणि बाकी वेळ मोटार थंड चालली तर बहुतेकदा निभावतं. पण खर्च झालेलं परत येत नाही. मोटार थंड झाल्यावर इन्सुलेशन पुन्हा तरुण होत नाही.

मेगरची रीडिंगही दर दहा अंशांना निम्मी होते म्हणतात. तो हाच नियम का?

नाही, फक्त आकडा सारखा दिसतो. मेगर इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजतो. वाइंडिंग गरम असताना तो कमी दिसतो, थंड झालं की परत वर जातो. दहा अंशांना निम्मा हा तिथेही ढोबळ अंदाज आहे, म्हणूनच रीडिंग ४० अंशांवर आणून तुलना करायची पद्धत आहे. ते परत फिरणारं आहे, म्हातारपण परत फिरत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे मेगर म्हातारपण दाखवतच नाही. पूर्ण भाजून करपलेलं, पण कोरडं वाइंडिंग शेकडो मेगाओहम दाखवू शकतं, कारण तडे अजून ओलावा किंवा कार्बनने भरलेले नसतात. शिवाय मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मोजतो, तर म्हातारपणाचा घाव बहुतेकदा वेढ्या-वेढ्यामध्ये पडतो. तिथलं पाहायचं तर वाइंडिंगला व्होल्टेजचे झटके देऊन पाहणारी सर्ज टेस्ट लागते. मोटार उघडलेली असेल तर डोळे आणि बोटं बरंच सांगतात: एंड वाइंडिंगची बांधणीची दोरी दाबल्यावर चुरा होते का, स्लीव्ह वाकवल्यावर मोडते का, वार्निश गडद तपकिरी होऊन पापुद्रे सुटतायत का.

जळालेल्या वाइंडिंगवरून कारण ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. सगळ्या कॉइल गोलाकार सारख्याच काळपट झाल्या असतील तर संपूर्ण मोटार जास्त तापली: ओव्हरलोड, अडलेली हवा किंवा कमी वेगावर चालणारा फॅन. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि एक कोरा असेल, किंवा डेल्टात एकच फेज काळा आणि दोन कोरे असतील, तर सप्लायची एक लाइन गेली होती. एकाच जागी छोटा खोल डाग आणि बाकी वाइंडिंग ताजंतवानं असेल तर तिथे म्हातारपणाला दोष देऊ नका. तारेला ओरखडा, सर्ज किंवा स्लॉटची धार, असं काहीतरी शोधा.

रिवाइंडिंग करताना एच किंवा २०० क्लासची तार घातली तर मोटारीचा क्लास वाढतो का?

तेवढ्याने नाही. क्लास तारेचा नसून सगळ्या जोडणीचा असतो: तार, स्लॉटचा कागद, फेजमधला कागद, स्लीव्ह, बांधणी आणि वार्निश, आणि तेही एकमेकांशी जुळणारं. २०० क्लासच्या तारेवर बी क्लासचं वार्निश चढवलं की आधी वार्निश पकड सोडतं आणि तार हलायला लागते. पुष्कळ रिवाइंड केलेल्या मोटारी मूळ मोटारीपेक्षा लवकर जातात, त्यामागे हे एक ठळक कारण आहे. तार उत्तम असते, स्लीव्ह मात्र हाताला लागेल ती.

वरच्या क्लासचं सगळं साहित्य घालून लोड तोच ठेवला तर फायदा घसघशीत आहे. पण "आता एच केलं, अजून लोड टाका" म्हटलं की तो फायदा तिथेच संपतो. बेअरिंगमधलं ग्रीसही तापतं, आणि त्याला वाइंडिंगच्या क्लासशी काही देणंघेणं नाही.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारीलाही हीच सावधगिरी. ड्राइव्हच्या तीव्र पल्समुळे वेढ्यांमध्ये जो ताण येतो तो उष्णतेचा नाही. क्लास वाढवून त्यावर उपाय होत नाही, त्यासाठी त्या कामाची वेगळी तार लागते.

ट्रान्सफॉर्मरलाही दहा अंश धरायचे का?

तेलातल्या ट्रान्सफॉर्मरला नाही. तिथे इन्सुलेशन म्हणजे तेलात भिजलेला क्राफ्ट कागद, आणि आयईसी ६००७६-७ मध्ये त्याच्यासाठी ६ अंशांना निम्मं असं धरलंय. मोजणी सर्वात गरम जागेच्या ९८ अंशांपासून सुरू होते. म्हणजे ११० अंशांवर म्हातारपणाचा वेग चौपट. कागदात पाणी शिरलं असेल तर त्याहूनही भरभर, कारण सेल्युलोजच्या साखळ्या तोडायला पाणी स्वतःच मदत करतं आणि तुटताना आणखी पाणी तयार होतं. तेल गाळून कोरडं करण्यामागे हेही एक कारण आहे.